फासे, नाणी आणि धावफलक: दहावीच्या प्रदर्शनासाठी संभाव्यता

प्रश्न: दहावीच्या गणित प्रदर्शनात फासे, नाणी आणि क्रिकेटचे धावफलक वापरून संभाव्यतेचा कोणता प्रयोग दाखवावा?

दोन फाशांची बेरीज आणि फलंदाजाच्या चौकार-षटकारांचे प्रमाण हे दोन प्रयोग शेजारी-शेजारी मांडावेत, कारण पहिल्यात उत्तर आधी मोजता येते आणि दुसऱ्यात ते नोंदींतूनच काढावे लागते. नाण्याचा प्रयोग प्रेक्षकांच्या हाती द्यायला पुरेसा आहे. लाल आणि पांढरा असे दोन रंगांचे फासे घ्यावेत, म्हणजे (३,४) आणि (४,३) या वेगळ्या निष्पत्ती आहेत हे दिसते आणि प्रत्येक बेरजेची संभाव्यता १/११ मानण्याची नेहमीची चूक टळते. नमुना अवकाशात ३६ घटक असून बेरीज ७ येण्याची संभाव्यता ६/३६, म्हणजे १/६ आहे; १८० वेळा फासे टाकल्यास ७ सुमारे ३० वेळा अपेक्षित आहे, मात्र २० ते ४० मधील कोणतीही संख्या आली तरी फाशांना दोष देऊ नये.

धावफलकासाठी १९८३ च्या विश्वचषकात कपिल देव यांनी झिम्बाब्वेविरुद्ध केलेली नाबाद १७५ धावांची खेळी घ्यावी: १३८ चेंडूंत १६ चौकार आणि ६ षटकार, म्हणजे २२/१३८, सुमारे ०.१६. हा आकडा योगायोगाने १/६ च्या जवळ येतो, तरी येथे चेंडू समसंभाव्य नसल्याने ही केवळ त्या खेळीची सापेक्ष वारंवारता ठरते. १९७५ मध्ये इंग्लंडविरुद्ध सुनील गावसकर यांच्या १७४ चेंडूंतील नाबाद ३६ धावांत एकच चौकार होता. त्यामुळे एका डावावरून फलंदाजाची संभाव्यता सांगू नये, अनेक डावांच्या नोंदी एकत्र कराव्यात.