कराराचा डेटा पाठवताना कव्हर नोट: रिकामा रकाना कोणी आणि कशाने भरला

प्रश्न: आम्ही दुकानांच्या लीव्ह अँड लायसन्स करारांमधून डेटा काढून एक्सेलमध्ये भरतो. क्लायंटला शीट पाठवताना वेगळी कव्हर नोट जोडायची का? त्यात काय लिहायचं आणि किती मोठी असावी?

जोडायचीच. आणि शीटच्या शेवटच्या टॅबमध्ये नको, तिथे कोणी जात नाही. मेलसोबत वेगळी द्या.

हा प्रश्न बघून राहवलं नाही, कारण याच नोटवरून माझं आमच्या तेव्हाच्या मॅनेजरशी जोरदार वाजलं होतं आणि मी तेव्हाही बरोबर होते, आजही तेच म्हणते. एका रिटेल चेनच्या पुण्या-मुंबईतल्या दुकानांचे करार आमच्याकडे आले होते. त्यातला एक करार १२ मार्च २०१९ चा, फी महिना दोन लाख, लॉक-इन ३६ महिने. आता वाचणाऱ्याला वाटेल सोपं आहे, मार्च २०१९ मध्ये छत्तीस महिने मिळवा, ११ मार्च २०२२ ला लॉक-इन संपलं. पण करारात लॉक-इन सहीच्या तारखेपासून नव्हतंच. ते होतं लायसन्स फी सुरू होण्याच्या तारखेपासून, ती तारीख म्हणजे ताबा मिळाल्यापासून फिट-आउटचे ६० दिवस संपल्यावर, आणि ताब्याची तारीख म्हणजे परिशिष्ट 'क' मधल्या ताबापत्रावर जी असेल ती. परिशिष्ट 'क' स्कॅनमध्ये नव्हतं. इंडेक्स टू काढून बघितलं, तर त्यात सहीची आणि नोंदणीची तारीख मिळते, दुकानाची किल्ली कधी हातात पडली ते त्यात कुठून येणार?

म्हणून मी रकाना रिकामा ठेवला आणि नोटमध्ये लिहिलं, जवळपास असंच: "लॉक-इनची शेवटची तारीख भरलेली नाही. कलम ४.२ प्रमाणे ती ताब्याच्या तारखेवर अवलंबून आहे. ताबापत्र (परिशिष्ट क) आम्हाला मिळालेलं नाही. ताबा सहीच्या दिवशीच मिळाला असं धरलं तरी फिट-आउटमुळे ही तारीख १० मे २०२२ च्या आधी येत नाही, ताबा उशिरा मिळाला असेल तर तेवढीच पुढे जाईल. ताबापत्राची प्रत प्रॉपर्टी टीमकडून हवी. ती मिळेपर्यंत या तारखेवर नोटीस देऊ नये." एवढंच, पाच-सहा ओळी.

मॅनेजरचं म्हणणं, क्लायंटने आपल्याला उत्तरांचे पैसे दिलेत, आपण त्यालाच प्रश्न विचारले तर काम अर्धवट वाटतं. वर क्लायंटच्या सिस्टीममध्ये ती तारीख भरल्याशिवाय ओळ अपलोडच होत नव्हती. मग दुसऱ्या कोणाकडून तरी तिथे ११ मार्च २०२२ भरून घेतलं, नोट काढून टाकली आणि शीट गेली. मी तेव्हाच मेलवर लिहून कळवलं होतं की ही तारीख कागदात कुठेही नाही.

पुढे जे व्हायचं तेच झालं. क्लायंटने ते दुकान बंद करायचं ठरवलं, शीट बघून डिसेंबरमध्ये तीन महिन्यांची नोटीस दिली आणि ११ मार्चला जागा सोडली. मालकाने ताबापत्र काढून दाखवलं, ताबा ५ एप्रिल २०१९ चा. म्हणजे फी सुरू ४ जून २०१९ ला आणि लॉक-इन ३ जून २०२२ पर्यंत. मधल्या ८४ दिवसांची फी, साडेपाच लाखांच्या वर, मालकाने डिपॉझिटमधून कापून घेतली. त्या तारखेच्या रकान्यात दुसऱ्या तारखांपेक्षा काहीच वेगळं दिसत नव्हतं, रंग तोच, फॉरमॅट तोच. बघणाऱ्याला कळणार कसं की ही एक कागदातून वाचलेली नाही, अंदाजाने टाकलेली आहे? माझा राग आहे तो याच्यावर. अंदाज करायला ना नाही, पण तो वाचलेल्या आकड्यासारखा दिसता कामा नये.

तर तुमच्या नोटमध्ये पहिलं काम म्हणजे रिकामे रकाने वेगवेगळे करा. करारात ती गोष्टच नाही, हे एक. करारात उल्लेख आहे पण तो कागद आपल्याकडे आलेला नाही, हे दुसरं. आणि कागद आहे पण वाचता येत नाही, सब-रजिस्ट्रारचा शिक्का नेमका आकड्यावर बसलाय, हे तिसरं. सगळीकडे 'एनए' टाकून मोकळं होऊ नका. पहिल्यात क्लायंटला काही करायचं नसतं, दुसऱ्यात कागद शोधायचा असतो, तिसऱ्यात नीट स्कॅन द्यायचं असतं. करणारी माणसंही वेगळी असतात.

गृहीतकं लिहिताना कलम नंबर, आपण काय धरलं आणि ते चुकलं तर कोणता आकडा किती हलेल, हे तिन्ही द्या. म्हणजे "दर ३६ महिन्यांनी १५ टक्के वाढ" एवढंच असेल आणि कशावर ते नसेल, तर पहिली वाढ दोन्ही वाचनांत सारखीच, २,३०,०००. पण दुसऱ्या वाढीला चालू फीवर धरलं तर २,६४,५०० होतात आणि मूळ फीवर धरलं तर २,६०,०००. महिन्याला साडेचार हजारांचा फरक आहे असं लिहिलं की वाचणारा स्वतः ठरवतो, हे आज विचारायचं की नंतर. नुसतं "वाढ चक्रवाढ धरली आहे" वाचून कोणी काही ठरवत नाही.

आणि जिथे कलमाचे दोन अर्थ निघतात तिथे आपण निवड करायची नाही. त्याच करारात होतं, "लॉक-इन संपल्यानंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन". आता नोटीस लॉक-इनमध्येच देऊन नंतर बाहेर पडायचं, की लॉक-इन संपल्यावरच नोटीस द्यायची? दोन्ही वाचता येतं. दोन्ही अर्थ लिहा, दोन्हींच्या तारखा द्या, "क्लायंटच्या वकिलांनी ठरवावं" म्हणा. आपण डेटा काढणारे आहोत, मत द्यायला आपल्याला बसवलेलं नाही.

क्रम म्हणाल तर ज्याची मुदत जवळ आहे ते वर. करारांच्या क्रमाने लावाल तर नोटिशीचा मुद्दा सदतिसाव्या ओळीत जाईल आणि वर जीएसटी नंबर नसल्याची तक्रार बसेल.

लांबीचं मला एक माप सांगता येणार नाही. कन्फर्म करायचे मुद्दे पानभरात बसले तर छान, बाकी तपशील मागे जोडा. प्रत्येक मुद्द्याला शीटमधला ओळ नंबर द्या आणि तोच शेरा त्या रकान्यातही टाका, कारण शीट पुढे फिरते आणि नोट मेलमध्येच राहते. सिस्टीम तारीख मागतच असेल तर क्लायंटकडून लेखी घ्या की तात्पुरती कोणती टाकायची. आमच्याकडे नंतर ०१/०१/१९०० टाकायला लागले, बघताक्षणी खोटी वाटते म्हणून. पण क्लायंटच्या अकाउंट्सवाल्यांना आधी सांगा, तीच शीट त्यांच्या लीजच्या हिशोबात गेली तर मुदतीचं गणित पार कोसळतं.

हे सगळं मी कमर्शियल करारांवरून बोलतेय. अकरा महिन्यांच्या घरभाड्याच्या, छापील नमुन्यातल्या करारांना एवढं लागत नाही, तिथे चार ओळी पुरतात. आणि तुमचा मॅनेजर "क्लायंटला प्रश्न आवडत नाहीत" म्हणाला तर त्याला विचारा, नोट काढायची सूचना मेलवर देणार का? आमच्यावाल्याने दिली नव्हती, जागेवर येऊन तोंडीच सांगितलं होतं.