दत्तकाबद्दल लिहिताना कोणतं वाक्य कुणाचं?

प्रश्न : आमचा मुलगा दत्तक आहे, सहा वर्षांचा. त्याला आम्ही ते सांगितलेलं आहे. आमच्या समाजाच्या मासिकाने माझा अनुभव लिहून मागितलाय. गोड गोड लिहायचं नाही, सुरुवातीचा त्रास लपवायचा नाही असं मी ठरवलंय. पण मोठा झाल्यावर तो म्हणाला, ‘हे जगाला का सांगितलंस?’ तर? लिहू की नको?

उत्तर : लिहा. फक्त कच्चा खर्डा झाला की त्यातलं कोणतं वाक्य तुमचं आणि कोणतं मुलाचं, हे वेगळं करा. माझ्याकडे येणाऱ्या एका आईबरोबर मी हेच केलं होतं. तिच्या परवानगीने सांगते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिची मुलगी साडेतीन वर्षांची असताना घरी आली, आणि ही गोष्ट घडली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. दिवाळी अंकासाठी आईने लेख लिहिला होता. मी तिच्या हातात दोन पेन्सिली दिल्या. जे तुझ्यावर गुदरलं त्याखाली निळी रेघ, जे लेकीवर गुदरलं त्याखाली लाल.

सुरुवातीची पानं निळीच निघाली. दत्तकासाठीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी, गृहभेटीला आलेल्या समाजसेविकेने ‘तुमची भांडणं कशावरून होतात?’ असं सासूबाईंसमोरच विचारणं, मग नुसती वाट बघणं. शेवटी एका दुपारी मुलीचा फोटो, बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल आला. ४८ तासांत होकार कळवायचा होता, नवरा साइटवर, त्याच्या फोनला रेंज नाही. हे सगळं तिचंच, हवं तितकं लिहावं.

पुढच्या पानावर मात्र लालच लाल. संस्थेचं नाव, घरी आणल्याची तारीख, मुलीचं आधीचं नाव, तिचं कमी वजन आणि जन्मदात्या आईबद्दल संस्थेत कानावर पडलेली हकीकत. आई म्हणाली, ‘मी मुलीचं नाव कुठे लिहिलंय?’ पण लेखावर आईचं नाव होतं, गाव लहान होतं आणि अंक शाळेतल्या बाईंच्या घरीही जाणार होता. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ मध्ये, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या चौकशीबद्दल छापताना नाव, पत्ता, शाळा आणि ओळख पटवणारा कुठलाही तपशील उघड करायला मनाई आहे. घरच्या लिखाणालाही मी तीच फूटपट्टी लावते. संस्था आणि महिना एवढ्यावरूनही माहीतगार माणूस नेमकं मूल ओळखू शकतो. शिवाय जन्मदात्या आईलाही तिचं गुपित राखण्याचा हक्क आहेच.

दुसरीही अडचण होती. आपण दत्तक आहोत हे मुलीला माहीत होतं, पण आपल्याला संस्थेत का ठेवलं गेलं हे तिला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं. तिच्या आधी ते चौदा वर्षांच्या आतेभावाने दिवाळीच्या सुट्टीत वाचलं असतं. मुलाला घरात सांगून झालेलं नाही ते छापायचं नाही, यात मी कुणालाही सूट देत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो दोन्ही रेघा पडलेल्या परिच्छेदावर. घरी आल्यावर मुलगी पोळीचे तुकडे उशीच्या अभ्र्यात लपवायची. संस्थेत राहिलेल्या काही मुलांमध्ये हे दिसतं. खायला ठरल्या वेळीच मिळतं, पुढचं कधी मिळेल याची खात्री मुलाला नसते, म्हणून ते साठा करतं. रागावलं तर लपवणं वाढतं. त्यापेक्षा हात पोचेल असा खाऊचा डबा ठेवावा आणि तो कधी रिकामा पडू देऊ नये. हे दुसऱ्या पालकांच्या उपयोगाचं म्हणून आईला ते ठेवायचं होतं, आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

मी म्हटलं, लेकीला वाचून दाखव. पण ‘लिहू ना गं?’ असं विचारू नकोस. आईला बरं वाटावं म्हणून मूल हो म्हणतं. ‘यातलं काय काढू?’ असं विचार, म्हणजे नाही म्हणायला वाट राहते. मुलीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘डबा लिही. उशी नको.’ लेखात मग एवढंच राहिलं की स्वयंपाकघरातल्या खालच्या फळीवर लेकीच्या हक्काचा डबा असतो आणि त्यातलं खायला कुणाला विचारावं लागत नाही. वाचणाऱ्या पालकाला जे हवं ते मिळालं.

आणि त्रास? आईने लिहिलं होतं, ‘तिच्या रडण्याने वेड लागायची पाळी आली, वाटायचं परत देऊन यावं.’ मग घाबरून तिने ते सगळंच खोडलं. मी त्यातलं निम्मं परत लिहायला लावलं. मूल घरी आल्यावर दत्तक आईचं मन खचणं आम्हाला नवं नाही. बाळंतिणीला डिंकाचे लाडू घेऊन चार माणसं येतात, हिची ‘आता काय, मजाच!’ म्हणून बोळवण होते. अंकात छापून आलं ते असं : ‘पहिल्या पावसाळ्यात मी फार थकले. रात्रीची झोप नव्हती. हे आपल्याला पेलणार नाही अशी भीती वाटायची. पाठपुराव्याला आलेल्या समाजसेविकेला मी ते बोलून दाखवलं, तेव्हा जरा हलकं वाटलं.’ यात काही लपवलेलं नाही. काळ कोणता ते आहे, कारण आहे, आणि दोष मुलीवर नाही. दोन वर्षं सहामाही भेटी असतात त्या अशाच बोलण्यासाठी. ‘परत देणं’ मात्र छापायचं नाही. अनेक दत्तक मुलांच्या मनात नेमकी तीच धास्ती असते. ते वाक्य समुपदेशकापाशी बोलावं, अगदी मोकळेपणाने.

आनंदाच्या वाक्यांवरही माझी पेन्सिल फिरली. ‘तिचं नशीब उजळलं’, ‘देवाने आमच्यासाठीच पाठवली’ असं लिहिलं की मुलीच्या डोक्यावर उपकार बसतात, आणि तिच्या जन्मदात्या आईचं गमावणं आपल्या नवसाच्या खात्यात जमा होतं. (नातेवाइकांच्या ‘पुण्य कमावलंत’ला काय उत्तर द्यायचं, हा वेगळ्या लेखाचा विषय.) त्याऐवजी तिने टॉवेलचा प्रसंग लिहिला. आधी लेक जे हवं ते हळू आवाजात मागायची. एक दिवस बाथरूममधून बिल्डिंगभर ऐकू जाईल असं ओरडली, ‘आईऽ, टॉवेल!’ त्या दिवशी आईचा आनंद मावेना.

लाल वाक्यं फेकायची नाहीत. ती लेकीच्या वहीत उतरवली : काय माहीत आहे, ते कुणी सांगितलं, आणि जे ठाऊक नाही तिथे कोरी जागा. वयाप्रमाणे त्यातलं थोडं थोडं सांगायचं. १८ वर्षांनंतर मुळांचा शोध घ्यायला ती स्वतः अर्ज करू शकेल, त्याआधी पालकांसोबत. तेव्हा ही वही तिच्या हाताशी असेल.

तुमचं मासिक समाजाचं आहे, म्हणजे आडनावावरून घर ओळखलं जाणारच. सहा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवा आणि त्याने ‘नको’ म्हटलेलं निमूट काढा. त्याचा होकार मात्र कायमचा समजू नका, दहाव्या वर्षी तो फिरवेल. म्हणून संपादकांना आधीच सांगा की मुलाचा फोटो नाही, पाठमोराही नाही, आणि लेख इंटरनेटवर टाकायचा नाही. छपाईआधी शेवटचं प्रूफ मागा, शीर्षक आणि चौकटीतल्या मजकुरासकट. त्या आईने प्रूफ मागितलं म्हणून कळलं की संपादकांनी वर मथळा दिला होता, ‘अनाथ चिमुकलीला मिळाली मायेची सावली’. तिने फोन करून तो बदलायला लावला.