एकॉस घटला, विक्री तिथेच: वाचकांची प्रश्नोत्तरे

चांगला एकॉस किती टक्के असतो?

एकॉस म्हणजे अ‍ॅमेझॉनसारख्या ऑनलाइन बाजारात जाहिरातीतून आलेल्या विक्रीच्या किती टक्के खर्च त्या जाहिरातीवर गेला तो आकडा. जाहिरात सोडून बाकी सगळा खर्च गेल्यावर विक्रीतले जितके टक्के उरतात, तितक्याला तुम्ही ना नफा ना तोटा असता. तो आकडा तुमच्या मालाचा असतो, शेजारच्या विक्रेत्याचा नव्हे. परतावे धरून एकदा हिशेबनिसाकडून काढून घ्या.

टॅकॉस, म्हणजे एकूण विक्रीच्या किती टक्के खर्च जाहिरातीवर गेला तो आकडा, काढताना एकूण विक्रीतून जाहिरातीची विक्री वजा करायची का?

नाही.

कालचा एकॉस एकदम दुप्पट दिसतोय. क्लिकमागची बोली कमी करू का?

थांबा. क्लिकचा खर्च लगेच दिसतो, पण गिऱ्हाईक दोन-चार दिवसांनी विकत घेतं आणि ती विक्री मागाहून जोडली जाते. अ‍ॅमेझॉनवर साध्या विक्रेत्याच्या स्पॉन्सर्ड प्रॉडक्ट्स जाहिरातीसाठी ही मुदत क्लिकनंतर 7 दिवसांची आहे. निदान आठवडाभर जुना आकडा बघूनच बोलीला हात लावा.

आमच्या एजन्सीने तीन महिन्यांत एकॉस 20 वरून 12 वर आणला. आता फी वाढवून मागतात. द्यावी का?

आधी एकूण विक्रीचा आकडा काढा, मग फीचं बोलू. हा प्रश्न मला दर महिन्याला येतो आणि सोबत फक्त एकॉसचा आलेख असतो. एकूण विक्री कुणीच पाठवत नाही.

समजा, आधी महिन्याला जाहिरातीवर 6,000 जात होते. जाहिरातीतून 30,000 ची विक्री, म्हणजे एकॉस 20. एकूण विक्री 60,000, म्हणजे टॅकॉस 10. तीन महिन्यांनी खर्च तोच 6,000, जाहिरातीची विक्री 50,000, एकॉस 12. टाळ्या! पण एकूण विक्री अजून 60,000 च असेल, तर टॅकॉसही 10 च राहिला. ऑरगॅनिक, म्हणजे जाहिरातीशिवाय होणारी विक्री मात्र 30,000 वरून 10,000 वर आली. जाहिरातीच्या खात्यात वाढलेले 20,000 तुमच्याच दुसऱ्या खिशातून आलेले आहेत.

हे बहुतेक वेळा तुमच्या ब्रँडच्या नावावर बोली लावून होतं. जो माणूस तुमचं नाव टाइप करून शोधतोय तो तुमचाच माल घ्यायला आलेला असतो. खालच्या फुकटच्या निकालावर त्याने क्लिक केलंच असतं. वर जाहिरात दिसली म्हणून तिच्यावर केलं. असे क्लिक स्वस्त पडतात, विक्री पटकन होते आणि एकॉस देखणा दिसतो.

तपासायला सर्च टर्म रिपोर्ट, म्हणजे लोकांनी काय टाइप करून शोधलं त्याची यादी, उतरवा. ज्या शब्दांत तुमच्या ब्रँडचं नाव आहे ते बाजूला काढा आणि उरलेल्या शब्दांचा एकॉस वेगळा काढा. तो अजून 20 च्या पुढे असेल, तर एजन्सीने काय केलं ते कळलं. ब्रँडच्या नावाच्या शब्दांची वेगळी मोहीम करा, दोन आठवडे तिची बोली उतरवा आणि एकूण विक्री हलते का बघा. या काळात किंमत बदलू नका, माल संपू देऊ नका, सेलचे दिवस टाळा, नाहीतर चाचणी वाया जाते.

ब्रँडच्या नावावरची जाहिरात सरसकट बंद करा असं मी म्हणत नाही. तुमच्या नावावर प्रतिस्पर्धी बोली लावत असेल तर ती जागा सोडणं महागात पडू शकतं. म्हणून आधी स्वतः नाव टाकून वर कोण दिसतं ते बघा. आणि फीचा करार एकॉसवर बांधलेला असेल, तर सही करण्याआधी एजन्सीशी संबंध नसलेल्या जाणकाराला दाखवा.

नव्या उत्पादनाचा टॅकॉस 35 आहे. जाहिरात बंद करू?

सुरुवातीला तो जास्तच असतो, कारण ऑरगॅनिक विक्री अजून नसते. जाहिरातीतून विक्री झाली की शोधात क्रमांक वर सरकू शकतो आणि मग फुकटची विक्री येते, ही आशा आहे, हमी नाही.

टॅकॉस घटला एवढ्यावर खूश होऊ नका. खर्च 350 आणि एकूण विक्री 1,000 होती. पुढे खर्च तोच ठेवून विक्री 1,400 झाली तरी टॅकॉस 25 येतो, आणि खर्च 200 वर कापून विक्री 800 वर घसरली तरी 25 च येतो. पहिल्यात माल चालायला लागलाय, दुसऱ्यात तुम्ही फक्त नळ बंद केलाय. म्हणून टक्क्यांशेजारी ऑरगॅनिक विक्रीचे नग लिहा, दर आठवड्याला, एकाच उत्पादनाचे. या उत्पादनाच्या जाहिरातीवरून आलेल्याने तुमचंच दुसरं काही घेतलं, तरी ती विक्री जाहिरातीच्या खात्यात धरली जाऊ शकते. ती वगळून मोजा.

सहा-आठ आठवडे नग जागचे हलले नाहीत, तर जाहिरातीआधी फोटो, किंमत आणि रिव्ह्यू कुणा त्रयस्थाला दाखवा.