पेडिक्युअर बंद करावं का?

प्रश्न : सलूनमध्ये मी आणि एक मदतनीस, दोघीही सगळी कामं करतो. पेडिक्युअरला मागणी भरपूर, पण हातात काही उरत नाही. बंद करू की दर वाढवू?

उत्तर : लगेच बंद करू नका. आधी खरा वेळ मोजा. ग्राहक बसल्यापासून टब धुऊन, निर्जंतुक करून खुर्ची पुढच्यासाठी तयार होईपर्यंत किती मिनिटं जातात, ते दहा वेळा घड्याळ लावून लिहा आणि सरासरी काढा. बहुतेकांची फसगत इथेच होते, कारण दरपत्रकावरच्या 45 मिनिटांत ही साफसफाई धरलेलीच नसते. सामानाचा खर्चही अंदाजाने धरू नका. नवी बाटली किंवा डबा उघडला की तो किती ग्राहकांना पुरतो ते मोजा, म्हणजे सांडलवंडही हिशेबात येते.

आता हेअरकटचा दर 100 धरू. त्याला अर्धा तास आणि सामान 5, म्हणजे तासाला 190 सुटतात. पेडिक्युअरचा दर 150, सामान 30, उरले 120. पण खरा वेळ 65 मिनिटं निघाला, तर तासाला जेमतेम 111 पडतात. मदतनीस टक्केवारीवर असेल तर तीही वजा करा. भाडं आणि ठरलेला पगार मात्र इथे वाटू नका; पेडिक्युअर बंद केलं तरी ते द्यावेच लागतात.

तरीही 111 हा आकडा तोट्याचा नाही. सलून रिकामं असताना केलेलं पेडिक्युअर 120 मिळवून देतं, एरवी तिथे शून्य असतं. गर्दीच्या दिवशी मात्र तीच 65 मिनिटं हेअरकटला दिली तर सुमारे 206 मिळतात, म्हणजे प्रत्येक पेडिक्युअरमागे तुम्ही 86 घालवता. अर्थात, हेअरकटसाठी माणसं खरोखर परत जात असतील तरच. आठ आठवडे कोणाला, कधी नकार दिला याची नोंद ठेवा. त्याच आठवड्यांच्या बिलांत पेडिक्युअरसोबत दुसरं काम करून घेणारे किती हेही पाहा. ते बरेच असतील तर सेवा बंद केल्यावर तेही हातचे जातील.

माझं मत असं : गर्दीच्या तासांत पेडिक्युअरची वेळ देऊ नका, रिकाम्या तासांत 180 ला द्या. 150 ला 20 ग्राहकांमागे 2400 उरत होते. 180 ला 16 जणच आले तरी तेवढेच उरतात, शिवाय चार तासांहून जास्त वेळ मोकळा होतो. चारपेक्षा जास्त गळाले आणि त्या वेळात दुसरं काम आलं नाही, तर दर थोडा खाली आणा. गर्दीत हवंच असेल तर दर 236 लागेल, तेव्हाच ते हेअरकटच्या बरोबरीला येतं. वेळ कमी करायचा झाल्यास नेलपेंटचा भाग वेगळा काढून त्याचा दर वेगळा लावा. जंतुनाशकाच्या लेबलवर लिहिलेली मिनिटं मात्र कापू नका.