स्प्रिंटच्या शर्यतीत स्टार्टिंग ब्लॉकमधून सुटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या पावलालाच माझं अंग सरळ होतं. कोच ओरडतात, 'खाली राहा.' मुद्दाम वाकून पळू का?

नको. मुद्दाम वाकलात तर कमरेत मोडाल आणि पाय मागेच राहतील. पुढचा झुकाव पायांच्या रेट्यातून येतो. रेटा कमी पडला की तो झुकाव टिकत नाही.

हिशोब करून बघा. धावपटू ६० किलोचा आहे, ब्लॉकवर ०.३५ सेकंद रेटतो आणि सेकंदाला ३ मीटर वेगाने बाहेर पडतो असं धरू. म्हणजे पुढच्या दिशेचं सरासरी बल साधारण ५१५ न्यूटन. वजन पेलून अंग थोडं वर उचलायला ६५० च्या आसपास लागतं. दोन्ही मिळून रेट्याची दिशा जमिनीशी पन्नासएक अंशांवर येते, आणि अंगही साधारण त्याच रेषेत झुकलेलं राहू शकतं.

आता हाच धावपटू घाईने ०.२५ सेकंदातच पुढच्या ब्लॉकवरून पाय काढतो. जोर तेवढाच असला तरी वेग २.१ वर येतो. अंग मात्र झुकलेलंच असतं, त्यामुळे तोल पुढे जातो. पडू नये म्हणून पाऊल अंगाच्या पुढे टाकावं लागतं, तिथे ब्रेक लागतो आणि धड उभं होतं. तुमचंही बहुधा हेच होत असावं.

दोन्ही पाय एकदमच रेटायला लागतात, पण मागचा लवकर सुटतो. पुढचा त्यानंतरही रेटत राहतो, म्हणून वेगातला मोठा वाटा त्याचा. त्या पायात आधी नितंबाचा मोठा स्नायू आणि हॅमस्ट्रिंग कंबर उघडतात, मग मांडीचा पुढचा स्नायू गुडघा सरळ करतो, शेवटी पोटरी घोटा ढकलते. घाईत हा शेवटचा भागच हुकतो.

मोबाईलवर बाजूने स्लो मोशन व्हिडिओ काढा. ब्लॉक सुटताना पुढचा गुडघा जवळजवळ सरळ झालाय का, आणि घोट्यापासून खांद्यापर्यंत एक रेघ दिसते का? पहिलं पाऊल कमरेच्या खाली किंवा किंचित मागे पडायला हवं, नडगी पुढे कललेली. टेकताना टाच खाली बसत असेल तर घोटा ढिला आहे. पोटरीचा जोर तिथेच जिरतो.

गुडघा वाकलेलाच दिसला तर 'सेट' म्हटल्यावर घेता ती पोझिशन तपासा. कंबर खांद्यांपेक्षा जराशी वर, पुढचा गुडघा साधारण ९० अंश, मागचा १२० ते १३०. कंबर फार वर असेल तर पुढचा गुडघा आधीच उघडलेला असतो आणि रेटायला अंतरच उरत नाही. ज्युनियर मुलांनी ऑलिंपिकमधल्या धावपटूंइतकं खाली राहायचा हट्ट धरू नये. तेवढा झुकाव पेलणारी पायांची ताकद अजून आलेली नसते, त्यांनी थोडं लवकर उभं होणंच बरं.