उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल इंग्रजीत करताना : दोन कागद, एकच शब्दावली

> "बाबांच्या नावाचा उत्पन्नाचा दाखला आणि माझं डोमिसाइल, दोन्ही मराठीत आहेत. परदेशातल्या विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीसाठी इंग्रजी भाषांतर मागितलंय. दोन ठिकाणी विचारलं, दोघांनी वेगवेगळे शब्द वापरले. कोणतं बरोबर? नोटरी लागेल का?"

माझ्या धाकट्या भावाच्या वेळी अगदी हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितेय. मी भाषांतरकार नाही आणि वकीलही नाही. विद्यापीठाच्या सूचनेत वेगळं काही लिहिलं असेल तर तेच पाळा. दाखला कसा काढायचा, सेतूत काय लागतं, ते तुम्हाला माहीत आहे असं धरते.

आम्ही एका एजन्सीला दोन्ही कागद एकदम दिले. नाव सांगत नाही. त्यांनी ते दोन वेगळ्या माणसांकडून करून घेतले आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं झालं नसावं. एका कागदावर 'तहसीलदार' तसाच होता, दुसऱ्यावर तोच माणूस 'रेव्हेन्यू ऑफिसर' झाला. एकीकडे 'तालुका', दुसरीकडे 'ब्लॉक'. वाचणाऱ्याला ही दोन वेगळी कार्यालयं आणि दोन वेगळ्या जागा वाटतात. तरी हे निभावलं असतं. खरं नुकसान केलं ते उत्पन्नाच्या वाक्याने.

दाखल्यावर वडिलांचं नाव असतं, पण आमच्या दाखल्यातल्या वाक्याचा गाभा 'यांच्या कुटुंबातील सर्व सदस्यांचे सर्व मार्गांनी मिळणारे एकत्रित वार्षिक उत्पन्न' असा होता. एजन्सीने त्याचं सरळ 'फादर्स अ‍ॅन्युअल इन्कम' करून टाकलं. झालं! विद्यापीठाकडून मेल आला की आईच्या उत्पन्नाचा पुरावा कुठे आहे? आईचं उत्पन्न त्याच आकड्यात धरलेलं होतं, पण इंग्रजी कागद तसं म्हणतच नव्हता. एजन्सीला फोन केला तर उत्तर, "आमचा फॉरमॅट ठरलेला आहे." दुरुस्तीचे पैसे वेगळे. वर सल्ला दिला की आईचं प्रतिज्ञापत्र करून जोडा. म्हणजे चूक त्यांच्या भाषांतरात आणि नवा कागद आम्ही काढायचा. मुदत जवळ आली होती, म्हणून शेवटी दुसरीकडून दोन्ही कागद पुन्हा करून घेतले. त्या एजन्सीबद्दल आजही बोलायला लागले की थांबत नाही, म्हणून इथेच सोडते.

तर माझं ठाम मत : कागद देण्याआधी अर्ध्या पानाची शब्दांची यादी तुम्हीच करा आणि दोन्ही कागद एकाच माणसाला द्या. पदनामं भाषांतरित करायची नाहीत. तहसीलदार हा तहसीलदारच, तालुका हा तालुकाच. पहिल्यांदा येईल तिथे चौकोनी कंसात एका ओळीची 'ट्रान्सलेटर्स नोट' द्यायची की हा जिल्ह्याच्या खालचा महसुली विभाग आहे. त्यानंतर दोन्ही कागदांत तोच शब्द, तेच स्पेलिंग. तहसीलदार इंग्रजीत 'टीए'नेही लिहितात आणि 'टीई'नेही. शिक्क्यावर इंग्रजी असेल तर तेच घ्या, नसेल तर एक ठरवा. उपविभागीय अधिकाऱ्याचं 'सब-डिव्हिजनल ऑफिसर' रूढ आहे, तिथे आपल्या बोलण्यातला 'प्रांत' आणू नका. 'रा.', 'मु.पो.', 'ता.', 'जि.' ही संक्षिप्त रूपं पूर्ण उलगडून लिहा. एका भाषांतरात 'मु.पो.' गावाच्या नावालाच चिकटलेलं मी पाहिलंय.

आता आकडा आणि वर्ष. समजा दाखल्यावर 'सन 2023-24, रुपये 1,84,000, अक्षरी एक लाख चौऱ्याऐंशी हजार फक्त' असं आहे आणि खाली 'हा दाखला 31 मार्च 2025 पर्यंत वैध' अशी ओळ आहे. आकडा आहे तसा ठेवायचा आणि कंसात 184,000 लिहायचं, कारण आपला स्वल्पविराम तिकडच्या माणसाला टायपिंगची चूक वाटू शकतो. अक्षरी रकमेत 'लाख' राहू द्या, टिपेत 'वन हंड्रेड एटी-फोर थाउजंड' द्या. वर्षाला टीप हवीच : 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024. नाहीतर कोणी ते कॅलेंडर वर्ष समजतं, कोणी दोन वर्षांचं उत्पन्न समजून निम्मं करतं. वैधतेची ओळ वेगळीच ठेवा. ती कागदाची मुदत आहे, उत्पन्नाचा काळ नाही. आणि भाषांतरात डॉलर-पाउंड करायचे नाहीत. अर्जात रूपांतर मागितलं असेल तर ते अर्जातच, कोणत्या तारखेचा दर धरला ते लिहून.

डोमिसाइलचं पूर्ण नाव 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र'. तिन्ही शब्द इंग्रजी शीर्षकात आलेच पाहिजेत. नुसतं 'रेसिडेन्स सर्टिफिकेट' केलंत की वाचणारा त्यात सध्याचा पत्ता शोधतो, आणि हा कागद त्यासाठी नसतोच. विद्यापीठाला सध्याच्या वास्तव्याचा पुरावा हवा असेल तर डोमिसाइलच्या भाषांतराने काम भागणार नाही, तो कागद वेगळा काढावा लागेल. हे आधीच विचारून घ्या.

नावं पासपोर्टप्रमाणे. वडिलांचं आणि आईचं नाव पासपोर्टवर छापलेलं असेल तर स्पेलिंग तिथून उचला. जिल्ह्याचं नाव मात्र दाखल्यात जे छापलंय तेच. आमच्या वेळी दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर होतं आणि पासपोर्टवर औरंगाबाद. भाषांतरात नवं नाव ठेवून टिपेत 'पूर्वीचे औरंगाबाद, 2023 मध्ये नाव बदलले' एवढं लिहिलं. अहिल्यानगर, धाराशिववाल्यांनीही हेच करावं. मूळ कागदात नाही ते मुख्य मजकुरात घुसवायचं नाही, टिपेत चालतं.

नोटरीबद्दल : नोटरी सही आणि प्रतिज्ञा बघतो, 'कुटुंबा'चे 'वडील' झालेत का हे तो तपासत नाही. आमच्या त्या चुकीच्या कागदावरही गोल शिक्का झकास बसला होता. मागितला असेल तरच करा. अनेक ठिकाणी भाषांतरकाराचं निवेदन पुरतं. ब्रिटनच्या व्हिसाला भाषांतर अचूक असल्याची खात्री, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क लागतो. मी सगळीकडे तेच घालते. जर्मनीसारख्या देशात शपथ घेतलेल्या भाषांतरकाराची पद्धत आहे, तिथे आधी विचारा. स्वतः भाषांतर करून स्वतःच सही करणं मला बरं वाटत नाही, इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी. मसुदा मात्र जरूर स्वतः करा आणि भाषांतरकाराला द्या.

आणि हो, तुम्ही राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीलाही अर्ज करत असाल तर तिथे मूळ मराठी दाखलाच लावा, त्या अर्जासाठी भाषांतरावर पैसे घालवू नका.

भाषांतर हातात आलं की दोन्ही कागद शेजारी ठेवून आधी शिक्के बघा. गोल शिक्का, दाखल्याचा क्रमांक, बारकोडखालचा नंबर, डिजिटल सहीची तारीख, सगळं कंसात का होईना उतरलेलं हवं. पैसे हे बघून झाल्यावर द्या.