सिॲटलच्या स्थळाशी बोलताना

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

सिॲटलच्या स्थळाची पत्रिका जुळली आणि तो डिसेंबरात पुण्याला येईपर्यंत तुम्ही दोघांनी फोनवर बोलत राहायचे ठरले, हे तुझ्या आईकडून कळले.

आधी वेळेचा हिशेब नीट घालून घे. सध्या तिथे उन्हाळी वेळ चालू असल्यामुळे आपण साडेबारा तास पुढे आहोत, म्हणून रोज रात्री साडेआठला तू फोन करतेस तेव्हा त्याच्याकडे सकाळचे आठ वाजलेले असतात. तू दिवसभराची दमलेली आणि तो ऑफिसला निघण्याच्या घाईत, अशा बोलण्यातून 'जेवलीस का' याच्या पुढे फारसे काही निघत नाही. त्यापेक्षा शनिवारी सकाळी आठला बोला. तिथे तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ, साडेसात वाजलेले असतात आणि दोघांनाही उठण्याची घाई नसते. मात्र ठरवताना 'तुझा शुक्रवार, माझा शनिवार' असे स्पष्ट म्हण, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे गेली की फरक साडेतेरा तासांचा होतो, हे लक्षात ठेवून वेळ नऊची कर.

मधल्या दिवसांत छोटे व्हॉइस मेसेज पुरेत. दुपारी बारा वाजता पाठवलेल्या मेसेजला संध्याकाळी सातपर्यंत उत्तर आले नाही, तर तो झोपलेला आहे एवढाच त्याचा अर्थ घे. मात्र आठवडे उलटूनही तो व्हिडिओवर यायला टाळत असेल किंवा पैशाचा विषय काढत असेल, तर घरी लगेच सांग.

पगार, घर, खाणेपिणे हे मोठी माणसे विचारतीलच (आणि नको तितके विचारतील). तू त्याला फोन ओट्यावर ठेवून स्वयंपाक करता करता बोलायला सांग. कुकरची शिट्टी होत असताना रूममेटने मध्येच काही विचारले, तर तो त्याच्याशी कसा बोलतो, हे ठरवून दिलेल्या उत्तरांतून कधीच दिसत नाही. गेल्या शनिवारी तू सांगितलेली ऑफिसमधली कटकट तो या शनिवारी आपणहून विचारतो का, हेही बघ.

एक अवघड प्रश्न मात्र डिसेंबरपर्यंत ठेवू नकोस. तो एच-१बी व्हिसावर असेल, तर तुला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर लगेच नोकरी करता येणार नाही. त्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि तो सहसा नवऱ्याचे ग्रीन कार्डचे काम ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचल्यावरच मागता येतो. ते काम कुठवर आले आहे, असे त्याला सरळ विचार. तो नेमके सांगतो, माहीत नसल्यास शोधून पुढच्या फोनवर सांगतो, की 'बघू, होईल काहीतरी' म्हणून विषय बदलतो, यावर डिसेंबरात त्याच्याशी पहिल्यांदा काय बोलायचे ते ठरेल.

तुझी,
मावशी